अमावास्येची सफाई

आमच्या माजघरात, कंप्युटरच्या वर खिळ्याला, एक पुठ्ठा टांगलेला आहे. जुन्या कॅलेंडरच्या मागचा. त्यावर निळ्या स्केचपेनाने नऊ कलमं लिहिली आहेत आणि वर मथळा दिलाय, "कंप्युटर हलको ठेवचो आसल्यास, म्हयन्यातून एकदा." अक्षर माझ्या धाकट्या भावाचं. त्याच्या हातचं लिहिलेलं एवढंच घरात उरलंय. बाकी कपडे होते ते उंदरांनी खाल्ले.

मी देवबागला राहते. खाडी मागे, समुद्र पुढे, मध्ये आमचं घर आणि घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना दिलेल्या. घरात मी आणि माझी आई, आमच्या बोलीत आवस. मी त्रेपन्न वर्षांची, ती ब्याऐंशीची. मी लग्न केलं नाही. का, हा विषय वेगळा आहे आणि कुणाच्या बापाचा नाही. होमस्टेचं बुकिंग, पाहुण्यांची आधार कार्डं, डॉल्फिनचे फोटो, सगळं त्या कंप्युटरवर चालतं. तो भावानेच आणला, त्यानेच बसवला, आणि चार दिवसांत मला शिकवून गेला तो गेलाच.

ते चार दिवस सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सात वर्षांपूर्वी जूनमध्ये बाबा गेले. भाऊ तेव्हा बोटीवर होता, मालवाहू जहाजावर, कुठल्या तरी समुद्रात. बोट बंदराला लागल्याशिवाय माणसाला उतरता येत नाही, हे आम्हाला बुद्धीने समजत होतं. पण अग्नी चुलत्याने दिला, दहावं झालं, तेरावं झालं, आणि हा पंधराव्या दिवशी बॅग घेऊन खळ्यात, म्हणजे अंगणात, उभा राहिला. वाडीतली माणसं बसली होती. आवशीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माका एकच चेडू. झील नाय." मुलगी एकच, मुलगा नाही.

त्याने बॅग ओटीवर ठेवली. चार दिवस राहिला, आवशीशी एक शब्द नाही. माझ्याशी बोलायचा, तेही कंप्युटरबद्दलच. त्याला दुसरं काही बोलताच येत नव्हतं बहुतेक, आणि मलाही. मी म्हटलं, मेल्या, मला हे जमायचं नाही, मी मासे साफ करणारी बाई. तर म्हणाला, माशासारखंच आहे. नको ते काढायचं, हवं ते ठेवायचं, आणि रोज नाही तर नेमाने करायचं. मग पुठ्ठा शोधला आणि लिहायला बसला. महिन्याचा एक दिवस ठरव म्हणाला, म्हणजे विसरणार नाहीस. मी म्हटलं अमावास्या. त्या दिवशी घर धुतो, उंबऱ्यावर लिंबू ठेवतो, गाडीला नारळ फोडतो, तर याचीही सफाई होऊन जाईल. तेव्हा तो हसला. बाप गेल्यावर पहिल्यांदाच. पाचव्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने गेला. फोन आठ दिवसांत बंद झाला. बोटीवर पाठवणाऱ्या ऑफिसात विचारलं तर म्हणाले, आमच्याकडून सोडून गेला, दुसरीकडे लागला असेल. त्यानंतर काही नाही. एक चिठ्ठी नाही, एक मिस कॉल नाही.

पण कलमं मी पाळली. राग होताच, पण पाळली. एकसुद्धा अमावास्या चुकवली नाही, ताप असला तरी.

पहिलं कलम होतं, आधी कॉपी, मग झाडू. म्हणजे बुकिंगची वही, बाबांचे फोटो, घरपट्टीचे कागद आधी त्या काळ्या डबीत घालायचे, ज्याला हार्ड डिस्क म्हणतात, आणि डबी वायरीसकट काढून कपाटात ठेवायची. मग रिस्टार्ट. नुसतं बंद करून चालू केलं तर मशीन अर्धं झोपेतच असतं, रिस्टार्टनेच खरं जागं होतं, असं त्याने कंसात लिहिलंय. त्यातच, अपडेट आली असतील तर होऊ द्यायची, मध्येच वायर ओढायची नाही. हे मी एकदा केलं होतं, वीज जाईल या भीतीने, आणि मग दोन दिवस निळा पडदा बघत बसले. जे प्रोग्राम वापरत नाही ते सेटिंगमधून काढायचे, नुसतं चित्र पुसून प्रोग्राम जात नाही. मशीन चालू होताच आपणहून उठणारे कोण कोण आहेत ते बघायचं आणि फुकट उठणाऱ्यांना झोपवायचं. ब्राउझरमध्ये कुठल्या साइटला घंटा वाजवायची परवानगी दिली गेलीय ते बघून काढून घ्यायची. मी हे केलं नव्हतं तेव्हा भर दुपारी पडद्याच्या कोपऱ्यातून "तुमच्या मशीनला धोका आहे" असं वर यायचं आणि आवस देवाला हात जोडायची.

डाउनलोडचं एक कलम. पाहुण्यांचे कागद वर्षाच्या फोल्डरात, बाकी बाहेर. मग टेंपररी फायली काढायच्या, पण तिथे यादीत डाउनलोडवर बरोबरची खूण असेल तर ती आधी पुसायची, नाहीतर हवं तेही जातं. मग कचऱ्याची टोपली. रिकामी करण्याआधी आत डोकावून बघ, असं त्याने खाली दोन रेघा मारून लिहिलंय. आणि शेवटचं, सफाईआधी किती जागा मोकळी होती आणि नंतर किती राहिली ते पेन्सिलीने पुठ्ठ्याच्या मागे लिहायचं. पाचवा हिस्सा तरी मोकळा हवा. सात वर्षांचे आकडे आहेत मागे. कधीतरी बघा, माझा नीटनेटकेपणा कळेल.

या नऊ कलमांत त्या फोटोंबद्दल एक अक्षर नव्हतं.

फोटो पहिल्या वर्षीच दिसायला लागले. पिक्चर्सच्या आत एक फोल्डर, त्यात दर अमावास्येला पंधरा-वीस नवे फोटो. एक लोखंडी जिना. पांढरा दरवाजा, त्यावर लाल आकडा. भाताचं ताट, तळलेला मासा, अजून कुणी हात न लावलेला. प्लास्टिकची रिकामी खुर्ची. आणि पाणी, नुसतं पाणी, किनारा कुठेच नाही. माणूस एकातही नाही. हात नाही, सावली नाही. पहिल्यांदा मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू. मग मीच मला समजावलं की पाहुण्यांचा कचरा आहे. पाहुणे फोन जोडतात, डॉल्फिनचे फोटो घेतात, त्यातलं काही मागे राहतं. आपलं नाही ते बाहेर. सगळे निवडायचे, डिलीट, टोपलीत डोकवायचं, टोपली रिकामी. सात वर्षं केलं हे. उंबरा झाडावा तसं.

पण एक गोष्ट मला मनातल्या मनात खुपायची. ती खोली उगाच थंड वाटायची त्या दिवशी. फोटो उघडला की असं वाटायचं, कुणीतरी नुकतंच त्या खुर्चीवरून उठून गेलंय आणि अजून दाराशी उभं आहे. मी फार बघत बसायची नाही. पटकन काढून टाकायची आणि बाहेर येऊन खळ्यात उभी राहायची.

या वर्षी श्रावणातली अमावास्या आली, पिठोरीची. चार दिवसांवर गणपती. मी कंप्युटरपुढे बसले तर आवस उठून माझ्या मागे खुर्ची ओढून बसली. तिला कधी त्या मशीनचं काही पडलेलं नव्हतं. मला कळलं, तिला काहीतरी बोलायचंय. बोलली ते असं, की या वर्षी सर्वपित्रीला काय करायचं.

तुम्हाला सांगायला हवं. भाद्रपदातल्या अमावास्येला आमच्याकडे गेलेल्यांच्या नावाने पानं वाढतात. बाबांचं पान असतं, आजा-आजीचं असतं. ज्याची तिथी ठाऊक नाही त्याचंही त्या दिवशी चालतं. वाडीतल्या म्हाताऱ्या दोन वर्षं आवशीच्या मागे लागल्या होत्या, सात वर्षं झाली, दर्यावरचा माणूस, आता त्याचंही पान वाढ, उपाशी ठेवू नको. भटजींना विचारलं तर ते म्हणाले, आईच्या मनाचा कौल. म्हणजे त्यांनी हात झटकले. आवस एवढीच गोष्ट चघळत बसली होती. जिवंत पोराचं पान वाढलं तर आपणच त्याला मारलं. आणि गेला असेल आणि वाढलं नाही, तर तो उपाशी फिरतोय. झील नाही असं एकदा तोंडाने म्हणून झालं होतं. दुसऱ्यांदा पानाने म्हणायचं की नाही, हे तिला ठरवायचं होतं, आणि तिच्याजवळ वेळ थोडा होता. हे ती स्वतःच म्हणाली.

उत्तर नको म्हणून मी ते फोल्डर उघडलं, आणि फोटो दिसले.

आवशीने चष्मा पुसला. ताटाच्या फोटोवर आली आणि माझा हात धरला. हे कुणाचं, विचारलं. मी म्हटलं पाहुण्यांचं, कचरा आहे, काढतेय. तिने बाहेरच्या पावसाकडे बघितलं. मग म्हणाली, "पावसात खंयचो पावणो गो?"

माझा हात माउसवरच राहिला. जून ते सप्टेंबर आमच्याकडे कुणी येत नाही. बोटी वर ओढलेल्या, खोल्यांना कुलूप. जुलैतही मी असे फोटो काढून टाकले होते. गेल्या वर्षीच्या पावसातही. सात पावसाळे मी पाहुण्यांचा कचरा काढत होते आणि पाहुणे नव्हते. मी पुठ्ठा उलटा करून बघितला. खोल्यांना कुलूप असताना, पाहुण्यांनी हात न लावलेल्या मशीनमधली जागा दर पावसातही सफाईआधी थोडी कमी झालेली होती, माझ्याच पेन्सिलीने लिहिलेली.

आवस एकेक फोटो बघत राहिली. जिना, दार, खुर्ची, पाणी. शेवटी म्हणाली, गेलेल्या माणसाला सगळं दिसतं, पण त्याला कुणी दिसत नाही. त्याने जे बघितलं तेच यात आहे, म्हणून माणूस नाही. जेवायला बसला आणि उठला. एवढं बोलून ती उठली आणि देवापुढे जाऊन बसली. त्या अमावास्येला मी एकही फोटो काढून टाकला नाही. मला खरंच भीती वाटली. कलमं लिहिल्यापासून पहिल्यांदा सफाई राहिली.

गणपतीत कोकणातला माणूस दुसरं काही करत नाही, आणि मालवणातली दुकानंही. गौरी-गणपती पोचवले आणि दुसऱ्या दिवशी मी मशीनचा डबा चादरीत बांधून रिक्षात घातला. मालवणच्या बाजारात एक बाई कंप्युटर दुरुस्त करते. आधी नवरा करायचा, तो गल्फला गेला, आता ही करते आणि त्याच्यापेक्षा बरं करते. डोक्यावर ओढणी, दातात स्क्रू. मी तिला सगळं सांगितलं, आवशीचं बोलणंसुद्धा. ती हसली नाही. हे मी तिचं विसरणार नाही.

तिने पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या एका छोट्या ढगावर बोट ठेवलं. हा ढग मी सात वर्षं बघत होते, हवामानाचा असेल म्हणून. ती म्हणाली, या मशीनमध्ये कुणीतरी स्वतःचं खातं चालू करून ठेवलंय. त्याच खात्यावर एक फोन आहे. फोनने काढलेला फोटो, त्या फोनला नेट मिळालं की वर खात्यात जातो, आणि तिथून आपोआप इथे उतरतो. भूत नाही, ताई. फोन आहे.

खात्याचं नाव दाखवलं. माझ्या भावाचं, मागे जन्मसाल. मला आठवलं, मशीन बसवताना त्याने काहीतरी टाइप केलं होतं. माझं कसलं खातं नव्हतं म्हणून स्वतःचं घातलं होतं. मी तेव्हा त्याच्यासाठी तांदळाची पेज गाळत होते.

फोटोवर उजवी टिचकी मारून तिने तारीख उघडली. सगळ्यात नवा फोटो नऊ दिवसांपूर्वीचा. मी तिथेच रडायला लागले, गिऱ्हाइकांसमोर. जिवंत आहे, जिवंत आहे, एवढंच म्हणत होते. तिने मला पाणी दिलं आणि मग जे खरं ते सांगितलं. फोन जिवंत आहे, एवढंच मी सांगू शकते. फोन कुणाच्या हातात आहे ते इथून दिसत नाही. बोटीवर माणूस गेला की त्याचा फोन दुसरा वापरतो, खातं कुणी बदलत नाही, असं मी बघितलंय. जागा कुठली ते त्या फोनने लिहिलेलं नाही, ते बंद ठेवलंय.

मग तिने विचारलं, जुने फोटो कुठे आहेत? मी अभिमानाने म्हटलं, मी काढून टाकते ना, दर महिन्याला, सगळे.

ती बाई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. मग तिने अगदी सावकाश समजावलं. बाकीच्या फोल्डरांतून काढलं तर ते फक्त या मशीनमधून जातं. ढगाच्या फोल्डरातून काढलं तर ते सगळीकडून जातं. इथून, वरून, त्याच्या फोनमध्ये ते खातं उघडलं तर तिथूनही. वरची एक वेगळी टोपली असते, त्यात तीस दिवस राहतं. ती उघडून बघितली. रिकामी. माझी शेवटची सफाई आषाढातली, तीस दिवस कधीच उलटले होते.

म्हणजे सात वर्षं माझ्या भावाने जे जे बघितलं, जे जे जेवला, ते सगळं मी माझ्या हाताने पुसलं होतं. टोपलीत डोकावून. नेमाने. मला माझा इतका राग कधी आला नव्हता. शिरा पडो माझ्या नेमावर, असा शाप मोठ्याने दिला मी. दुकानवाली म्हणाली, "ताई, तो बघत असेल ना. दर अमावास्येला फोटो गायब होतात, म्हणजे घरात कुणीतरी सफाई करतंय. रागावला असता तर खातं बंद केलं असतं. त्याला एक मिनिट लागलं असतं."

तिने त्या खात्याच्या पत्त्यावर मेल टाकला. उत्तर आलं नाही. मग तिने दुसरी वाट सांगितली. या फोल्डरात इथून काही ठेवलं तर तेही वर जाईल आणि त्याला दिसेल. काहीतरी ठेवा.

घरी येऊन मी आवशीला सगळं सांगितलं, फोन दुसऱ्याच्या हातात असू शकतो तेही. लपवून काय करू, तिला पान वाढायचं की नाही ते ठरवायचं होतं. ती म्हणाली, माझा फोटो ठेव. तो असला तर आईला ओळखेल. दुसरा असला तर त्याला काय कळणार. मग तिने नेसायला चांगलं लुगडं काढलं. कपाळाला अंगारा लावला. केसात अबोली माळली, माझ्या हाताने. खळ्यातल्या खुर्चीत ताठ बसली आणि हसली नाही. मी मोबाइलवर फोटो काढला, वायरीने मशीनमध्ये घेतला आणि त्या फोल्डरात ठेवला. ढगावर दोन बाण गोल फिरले आणि हिरवी बरोबरची खूण आली. वर गेला.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. आमच्या बाजूला माणूस गेला की असाच फोटो बाहेर काढतात, श्रद्धांजली म्हणून फिरवतात. चांगलं लुगडं, अंगारा, फुलं, एकटंच माणूस खुर्चीत. बाबांचाही असाच होता. आणि नेमकी त्याच महिन्यात सफाई राहिली होती, सुतकात राहते तशी.

पुढचे वीस दिवस आवस रोज सकाळी मशीनपुढे येऊन बसायची. मी ढगावर बघायची, मग फोल्डर उघडायची. काही नाही. आठ दिवस काही नाही. दहा दिवस. पितृपक्ष लागला होता, वाडीत रोज कुणाच्या तरी घरी पानं वाढली जात होती, कावळे कौलांवर बसून राहायचे. घरात आम्ही हळू बोलायला लागलो होतो. मध्ये एकदा मला वाटलं की मागे कुणीतरी उभं आहे, आणि वळले तर आवसही मागे वळून बघत होती.

सर्वपित्रीच्या सकाळी आवशीने स्वयंपाक केला. मी नको म्हटलं तरी तिनेच केला. तांदळाची खीर, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार. केळीची पानं पुसली. बाबांचं वाढलं, आजा-आजीचं वाढलं. चौथं पान हातात घेऊन उभी राहिली. भात उचलला होता. मला म्हणाली, एकदा बघून ये. शेवटचं.

मी गेले. ढगावर निळे बाण फिरत होते, म्हणजे काहीतरी उतरत होतं. फोल्डर उघडलं. एक नवा फोटो. सकाळचाच.

स्टीलचं ताट, तेच, बोटीवरचं. पण भाताची मूद पाडलेली, वर वरण, शेजारी काहीतरी गोड, बिस्किटं दुधात कुस्करून केलं असावं. ताटाभोवती पाण्याची गोल रेघ, गेलेल्याच्या पानाभोवती ओढतात तशी. ताटापुढे आवशीचा फोटो, कागदावर छापून घेतलेला, कडा वाकड्या कापलेल्या. खाली एक चिठ्ठी ठेवलेली, निळ्या पेनाने, आणि ते अक्षर मी दर अमावास्येला वाचत होते. लिहिलं होतं, "आवशीक. सफाई झाली नाय तेवाच समजलंय. ह्या येळाकव येवक गावला नाय."

मी आवशीला हाक मारली की नाही आठवत नाही. ती आलीच, हातात भात तसाच. मी वाचून दाखवलं. याही वेळी यायला मिळालं नाही, ही ओळ तिने दोनदा वाचायला लावली. ती पडद्याजवळ गेली. ताट बघितलं. त्यापुढचा स्वतःचा फोटो बघितला. किती वेळ बघत होती.

"त्येना माजा पान वाढल्यान गो," ती म्हणाली. "म्हणजे जितो आसा."

मग हातातला भात तिने माझ्या ओंजळीत ओतला, हात पदराला पुसले आणि मशीनपुढच्या खुर्चीत बसली. मी म्हटलं, चिठ्ठी लिहूया, मेल टाकूया, मी दुकानवालीला फोन करते. ती नको म्हणाली. मेल तो उघडत नाही, फोटो त्याने उलटाच वाचला. त्याला जे वाचता येतं तेच आपण करायचं. आज अमावास्या आहे ना, विचारलं. मी हो म्हटलं.

मी कपाटातून काळी डबी आणली आणि सगळे फोटो आधी तिच्यात घातले, सात वर्षांत पहिल्यांदा. पिठोरीपासून राहिलेले ते एकवीस, आवशीचा तो लुगड्यातला, आणि ताटाचा. डबी काढून बाजूला ठेवली. मग म्हटलं, कुठून सुरू करू.

"पयलो माजो काढ," ती म्हणाली.

मी तिचा फोटो निवडला आणि कुठलं बटण ते दाखवलं. तिने तर्जनी उचलली, जपून, गरम तव्याला लावावी तशी, आणि दाबलं. मशीनने विचारलं, हे सगळीकडून जाईल, चालेल का? मी तिला वाचून दाखवलं. ती हो म्हणाली. मग जिना, दार, खुर्ची, पाणी, एकेक करून सगळे तिनेच काढले. ताटाचा शेवटचा उरला तेव्हा थांबली, बोट बटणावर ठेवून, आणि तोही काढला. ढगावर बाण फिरले आणि हिरवी खूण आली. तिने विचारलं, आता त्याला कळलं असेल का. मी म्हटलं, त्याच्या फोनला नेट लागलं की कळेल.

"मगे बसतंय मी हयच," ती म्हणाली, आणि बसून राहिली.